यील्डच्या एक तृतीयांश ताणावर शाफ्ट का तुटतो: एस-एन वक्र, सहनशक्ती मर्यादा आणि सुरक्षित ताणाची निवड

प्रश्न: लातूरला आमचं डाळ मिलची यंत्रं बनवायचं वर्कशॉप आहे. बकेट एलिव्हेटरचा वरचा शाफ्ट ईएन ८ चा आहे. बेअरिंगकडे ४० मिमी, मध्ये पुलीखाली ५० मिमी. प्रत्येक बेअरिंगवर ५००० न्यूटन भार येतो आणि स्टेप बेअरिंगच्या मध्यापासून १४० मिमीवर आहे. वाकवणुकीचा ताण १११ मेगापास्कल निघतो. सर्टिफिकेटवर यील्ड ३४० आणि तन्यबल ६०० आहे, म्हणजे तिप्पट सुरक्षितता. तरी पहिला शाफ्ट १९ दिवसांत स्टेपवर तुटला आणि त्याच ड्रॉइंगचा दुसरा १० दिवसांत. ७० आरपीएम, रोज दहा तास. भागीदार म्हणतात ईएन २४ घ्या. कॉलेजात एस-एन वक्र शिकलो होतो, पण त्यावरून सुरक्षित ताण कसा ठरवायचा हे सांगाल का? याच ड्रॉइंगचे दोन एलिव्हेटर उदगीरला चालू आहेत.

उत्तर:

तुमचं गणित बरोबर आहे. ५००० गुणिले १४० म्हणजे ७ लाख न्यूटन-मिमी, आणि ४० मिमीच्या गोल शाफ्टवर त्याचा ताण १११ मेगापास्कलच येतो. चूक आहे ती तुलनेत. यील्डचा आकडा एकदाच लावलेल्या भारासाठी असतो: एवढ्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो, इतकंच तो सांगतो. तुमच्या शाफ्टवरचा भार जागचा हलत नाही, पण शाफ्ट फिरतो. त्यामुळे पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू वर असताना दाबला जातो आणि अर्ध्या फेऱ्यानंतर खाली गेला की तेवढाच ओढला जातो. उणे १११, अधिक १११, पुन्हा उणे १११, असं मिनिटाला सत्तर वेळा. या उलटसुलट ताणाखाली पोलाद यील्डच्या बरंच खाली, कुठेही न वाकता, तडा जाऊन तुटतं. यालाच आपण फटीग म्हणतो.

तुटलेले तुकडे अजून भंगारात टाकले नसतील तर बाहेर काढा आणि रॉकेलने धुऊन उन्हात बघा. फटीगचा तुकडा ओळखता येतो. स्टेपच्या कोपऱ्यापासून आत जाणारा भाग गुळगुळीत दिसेल, आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक कमानी दिसतील. तडा जसजसा थांबत-पुढे सरकत गेला, मिल रोज बंद-चालू होत गेली, तसतशा त्या उमटतात. शेवटी उरलेला छोटा भाग खरखरीत, दाणेदार असेल. तो शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला. खरखरीत भाग जितका लहान, तितका एकूण भार कमी होता असं समजायचं. परिघावर बऱ्याच ठिकाणी छोटे दाते दिसले तर तडा एका नव्हे, अनेक जागी एकाच वेळी सुरू झाला होता, आणि तीक्ष्ण कोपऱ्याची ती खूण आहे. शाफ्ट वाकलेला, पिळलेला नसेल. हे सगळं जुळलं तर स्टीलवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही.

आता वक्राकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत आगगाडीचे आस असेच तुटत होते, तेव्हा ऑगस्ट व्होलर यांनी आस फिरवत ठेवून वाकवणारी यंत्रं केली आणि किती ताणावर किती फेरे निघतात हे वर्षानुवर्षं मोजलं. आज प्रयोगशाळेत तेच लहान प्रमाणावर करतात. साडेसात मिमीच्या आसपास व्यासाचा, आरशासारखा घासलेला नमुना फिरवायचा आणि तुटेपर्यंतचे फेरे मोजायचे. मग ताण कमी करून दुसरा नमुना लावायचा. उभ्या अक्षावर ताण, आडव्या अक्षावर फेरे. प्रत्येक नमुन्याचा एक ठिपका.

आडवा अक्ष लॉगचा घ्यावाच लागतो, कारण जास्त ताणाचा नमुना हजार फेऱ्यांत जातो आणि कमी ताणाचा कोटी फेरे काढतो. साध्या अक्षावर कोटी मावेल असा कागद घेतला तर हजार आणि लाख हे दोन्ही डाव्या कडेला एकाच रेघेत चिकटतील. लॉग अक्षावर मात्र प्रत्येक घर आधीच्याच्या दहापट असतं: हजार, दहा हजार, लाख, दहा लाख. उभा अक्षही लॉगचा घेतला की आणखी एक गोष्ट घडते. तिरके पसरलेले ठिपके बऱ्यापैकी एका सरळ रेषेत येतात, कारण आयुष्य ताणाच्या ठराविक घाताने बदलतं. हे नातं बास्क्विन यांनी १९१० मध्ये मांडलं.

या कागदावर वाचताना नवशिक्यांचा डोळा एका जागी हमखास फसतो. लाख आणि दहा लाख यांच्या बरोबर मध्ये असलेला बिंदू साडेपाच लाखांचा नसतो, तो सव्वातीन लाखांच्या थोडा खाली असतो. अंदाज साधारण पावणेदोनपट चुकतो, आणि तोही जास्त आयुष्य दाखवण्याच्या बाजूने.

साध्या कार्बन पोलादाची तिरकी रेषा साधारण दहा लाख फेऱ्यांच्या सुमारास वळते आणि आडवी होते. त्या वळणाला आम्ही गुडघा म्हणतो. आडव्या रेषेची जी उंची, तीच सहनशक्ती मर्यादा. ताण तिच्या खाली असला तर नमुना दहा लाखांच्या पलीकडे, कोटीच्या पलीकडेही टिकतो. तिच्या वर असला तर आयुष्य मोजलेलं आहे. प्रश्न एवढाच की ते किती.

यंत्रमालकाला हे फेरे फार मोठे वाटतात, म्हणून तुमच्याच यंत्राचे मोजू. ७० आरपीएम म्हणजे तासाला ४,२०० फेरे आणि दहा तासांच्या दिवसाला ४२,०००. दहा लाख फेरे चोवीस दिवसांत पूर्ण होतात. तुरीचा एक हंगाम म्हणजे त्याच्या कितीतरी पट. तेव्हा फिरणाऱ्या शाफ्टला "थोड्या फेऱ्यांपुरता" असा हिशोब चालत नाही. त्याला आडव्या रेषेच्या खालीच ठेवावं लागतं. तुमचा पहिला शाफ्ट ७ लाख ९८ हजार फेऱ्यांवर गेला, दुसरा ४ लाख २० हजारांवर. दोघेही गुडघ्याच्या डावीकडे, म्हणजे तिरक्या रेषेवर. ताण मर्यादेच्या वर होता, पण फार वर नव्हता, हे एवढ्यावरूनच कळतं.

किती वर होता ते काढू. पोलादाचं तन्यबल साधारण १४०० मेगापास्कलपर्यंत असेल तर घासलेल्या छोट्या नमुन्याची सहनशक्ती मर्यादा तन्यबलाच्या निम्मी धरतात. तुमच्या ६०० च्या पोलादाला ती ३०० आली. पाठ्यपुस्तकातला हा आकडा घेऊन काम सुरू केलं की लोकांना वाटतं, १११ आणि ३००, अजूनही जवळपास तिप्पट आहे. पण ३०० हा त्या आरशासारख्या नमुन्याचा आकडा आहे, तुमच्या शाफ्टचा नाही.

तुमचा शाफ्ट लेथवर कापलेला आहे. हत्याराने सोडलेल्या बारीक रेघा म्हणजे तडा सुरू व्हायला तयार जागा, म्हणून ३०० ला ०.८ ने गुणायचं. २४० राहिले. शाफ्ट नमुन्यापेक्षा जाड आहे. जाड शाफ्टमध्ये मोठ्या ताणाखाली जास्त धातू असतो आणि त्यात कुठेतरी कच्ची जागा असण्याची शक्यताही जास्त, म्हणून ५० मिमीपर्यंतच्या शाफ्टला ०.८५. उरले २०४. काळी, न कापलेली साल तशीच ठेवलेला बार असता तर पहिला गुणक ०.८ ऐवजी आणखी बराच खाली गेला असता. ब्लॅक बारवर नुसतं बेअरिंगचं सीट कापून तो लावून देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता २०४ म्हणजे काय ते नीट समजून घ्या. ही सरासरी रेषा आहे. एस-एन वक्राचे ठिपके कधीच एका रेषेवर बसत नाहीत. एकाच बारमधून कापलेले, एकाच यंत्रावर, एकाच ताणाला लावलेले दोन नमुनेही आयुष्यात दुपटी-तिपटीचा फरक दाखवतात. पुस्तकातली रेषा ठिपक्यांच्या मधून जाते, म्हणजे निम्मे ठिपके तिच्या खाली असतात. शंभरातले पन्नास शाफ्ट तुटले तरी चालतील असं डिझाइन कुणी विकत नाही. शंभरातले नव्याण्णव टिकावेत असं हवं असेल तर आणखी ०.८१४ ने गुणायचं. २०४ चे १६६ झाले. तुमच्या शाफ्टची, तुमच्या कामापुरती सहनशक्ती मर्यादा ही १६६. सर्टिफिकेटवरचे ६०० आणि हे १६६, यांतलं अंतर प्रत्येक पायरीला कुठून आलं ते आता तुमच्यासमोर आहे.

तरीही १११ हे १६६ च्या खालीच आहेत. मग तुटलं का? कारण स्टेपच्या कोपऱ्यात ताण १११ नाहीच. ५० वरून ४० वर उतरताना टर्नरने टोकदार हत्यार वापरलं असणार आणि कोपऱ्यात अर्ध्या मिमीचा रेडियस राहिला असणार. रेडियस गेज लावून बघा. अशा कोपऱ्यात, जागेचा आकार लक्षात घेता, ताण अडीचपट होतो. पोलाद इतक्या छोट्या कोपऱ्याला पूर्णपणे दाद देत नाही. अर्ध्या मिमीला आणि ६०० च्या पोलादाला त्या वाढीतला सुमारे दोन तृतीयांश भागच फटीगमध्ये जाणवतो. दीडपट जास्त झाला होता, त्याचा दोन तृतीयांश म्हणजे एकपट. म्हणून फटीगसाठी गुणक २ धरायचा. कोपऱ्यातला खरा ताण १११ गुणिले २, म्हणजे २२२ मेगापास्कल.

२२२ हे १६६ च्या वर आहेत आणि सरासरी २०४ च्याही वर आहेत. आता हे वक्रावर ठेवू. डावीकडे हजार फेऱ्यांना तन्यबलाचे ०.९ पट, म्हणजे ५४० धरतात. उजवीकडे दहा लाखांना २०४. दोन्ही अक्ष लॉगचे घेऊन हे दोन बिंदू सरळ रेषेने जोडा आणि २२२ च्या उंचीवरून आडवे जाऊन रेषेला भिडा. हातात कॅल्क्युलेटर असेल तर:

```
b = log10(540/204) / 3 = 0.141
N = 1000 × (540/222)^(1/b) ≈ 5,50,000
```

साडेपाच लाख फेरे, म्हणजे तुमच्या मिलचे तेरा दिवस. तुमचे शाफ्ट दहा आणि एकोणीस दिवसांत गेले. सरासरीच्या एक खाली, एक वर. दुसरा शाफ्ट लवकर तुटला म्हणून त्याचं पोलाद पहिल्यापेक्षा हलकं होतं असा निष्कर्ष काढू नका. दोघेही एकाच रेषेभोवतीच्या नेहमीच्या पसाऱ्यात बसतात. नव्याण्णव टक्क्यांची रेषा घेतली असती, म्हणजे २०४ च्या जागी १६६, तर आयुष्य सुमारे १ लाख ८० हजार फेरे आलं असतं. चार-साडेचार दिवस. असं ड्रॉइंग शंभर गिऱ्हाइकांना दिलं असतं तर पहिला फोन पहिल्याच आठवड्यात आला असता.

रेषेच्या याच उतारातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. ०.१४१ चा व्यस्त म्हणजे साधारण ७. आयुष्य ताणाच्या सातव्या घाताने बदलतं. ताण दहा टक्क्यांनी कमी केला की आयुष्य दुप्पट होतं, आणि दहा टक्क्यांनी वाढला की जवळपास निम्मं. तुमच्या एलिव्हेटरचा पट्टा घसरतोय म्हणून ऑपरेटरने टेक-अपचे बोल्ट आवळले आणि बेअरिंगवरचा भार ५००० चा ५५०० झाला, तर सांगाड्यात, मोटरमध्ये, आवाजात कुठेही फरक दिसणार नाही, पण तिरक्या रेषेवरच्या शाफ्टचे उरलेले दिवस निम्मे होतील. फटीगचे अपघात अचानक वाटतात ते यामुळे.

आता भागीदारांच्या ईएन २४ चं बघू, कारण हा सल्ला सगळीकडे मिळतो. उष्णता-प्रक्रिया केलेलं, ९०० तन्यबलाचं ईएन २४ घेतलं असं समजा. निम्मे म्हणजे ४५०. पण कठीण पोलादाला हत्याराच्या रेघा जास्त बाधतात, म्हणून पृष्ठभागाचा गुणक ०.८ वरून ०.७४ वर येतो. बाकीचे तेच. मर्यादा आली २३०. दुसरीकडे, कठीण पोलाद तीक्ष्ण कोपऱ्याला जास्त दाद देतं, त्यामुळे कोपऱ्याचा गुणक २ वरून साधारण २.१६ वर चढतो आणि ताण होतो २४०. मर्यादा २३०, ताण २४०. दीडपट बळाचं, कितीतरी महाग पोलाद आणून शाफ्ट अजूनही रेषेच्या वरच!

त्याऐवजी ईएन ८ च ठेवा आणि टर्नरला फक्त एवढं सांगा की कोपऱ्यात ४ मिमीचा रेडियस दे. तुमच्या ड्रॉइंगमध्ये त्या स्टेपला काहीच टेकत नाही, तेव्हा रेडियसला अडचण कुणाचीच नाही. ४ मिमीला गुणक २ वरून १.५ वर उतरतो. १११ गुणिले १.५ म्हणजे १६७, आणि मर्यादा १६६. ईएन २४ ने जिथे पोहोचता येत नव्हतं तिथे गोल नाकाच्या हत्याराने पोहोचलो. माझ्या मते फिरणाऱ्या शाफ्टमध्ये पोलाद बदलण्याचा विचार सगळ्यात शेवटी करावा, आणि कोपरा सगळ्यात आधी बघावा.

अर्थात १६६ ला १६७ म्हणजे काठावर उभं राहणं झालं. सुरक्षित ताण ठरवायचा तर मर्यादेला कोपऱ्याच्या गुणकाने आणि वर एका सुरक्षितता गुणकाने भागायचं. हा दुसरा गुणक पोलादातल्या पसाऱ्यासाठी नाही, तो आपण नव्याण्णव टक्क्यांमध्ये आधीच धरला आहे. हा तुमच्या भाराच्या अज्ञानासाठी आहे. पट्ट्याचा ताण नक्की किती, एलिव्हेटर चोंदला तर काय होतं, पुली किती असंतुलित आहे. भार मोजलेला आणि संथ असेल तर १.५ पुरतो. भार अंदाजाचा असेल किंवा धक्के बसत असतील तर मी २ च्या खाली जात नाही. १.५ धरून तुमचा साधा, गणितात येणारा सुरक्षित ताण असा:

१६६ ÷ (१.५ × १.५) = ७४ मेगापास्कल.

ड्रॉइंग बोर्डवर लिहून ठेवायचा आकडा हा. यील्डच्या एक पंचमांशाहून किंचित जास्त. ७ लाख न्यूटन-मिमीला ७४ वर आणायचं तर व्यास ४६ मिमी लागतो, आणि बेअरिंग ५० च्या बोअरचं घ्यावं लागेल. खर्च वाढला.

पण ड्रॉइंगकडे पुन्हा बघा. स्टेप १४० मिमीवर का आहे? पुलीच्या हबला लागून केली, एवढंच कारण दिसतं. वाकवणारा मोमेंट बेअरिंगपाशी शून्य असतो आणि पुलीकडे जाताना वाढत जातो. तुम्ही शाफ्टची सगळ्यात कमकुवत जागा नेमकी मोमेंट भरपूर असलेल्या ठिकाणी ठेवली आहे. तीच स्टेप बेअरिंगच्या मध्यापासून ४० मिमीवर आणा. ४० मिमी बोअरच्या युसीपी २०८ ब्लॉकला तेवढी जागा पुरते, आतली रिंग आणि तिचे ग्रब स्क्रू मोकळे राहतात. तिथे मोमेंट ५००० गुणिले ४०, म्हणजे २ लाख, आणि ताण ३२. रेडियस ४ मिमी ठेवला तर कोपऱ्यात ४८. मर्यादेच्या साडेतीनपट खाली. बेअरिंग तेच, बार तोच ५० मिमीचा, उलट लेथवर कापायचं कमी.

आता कमकुवत जागा सरकली आणि ती पुलीच्या हबखाली गेली. तिथे ५० मिमीवर मोमेंट ७ लाखच धरा, ताण ५७. पण तिथे कीवे आहे. एंड मिलने कापलेल्या कीवेच्या टोकाला फटीगचा गुणक २ धरला की ११४ होतात. १६६ भागिले ११४ म्हणजे सुमारे १.४५. मोटरचा पीळही शाफ्टमधून जातो. तो एकाच दिशेचा, स्थिर असतो, त्यामुळे फेऱ्यागणिक उलटत नाही, पण सरासरी ताण म्हणून थोडी मर्यादा खातो. तुमच्यासारख्या एलिव्हेटरला तीन एचपी धरले तर गुडमनच्या नियमाने हिशोब १.४ च्या थोडा खाली येतो. पट्ट्याचा ताण तुम्ही खरोखर मोजून ५००० काढला असेल तर १.५ पेक्षा थोडं कमी असूनही मी हे स्वीकारीन. अंदाजे धरला असेल तर हबखाली ६० मिमी करा आणि शांत झोपा. आणखी एक: हब सैल बसला तर तिथे घासून लालसर-तपकिरी भुकटी येते. ती दिसली की समजा तिथली मर्यादा आपण धरली त्याच्या बरीच खाली गेली. हब घट्टच बसवा.

आडव्या रेषेवर किती विसंबायचं याच्याही मर्यादा आहेत. ती साध्या पोलादाला, कोरड्या हवेत, ताण एकसारखा असताना लागू पडते. गंज चढला की आडवी रेषा नाहीशी होते आणि वक्र उतरतच राहतो. हंगाम संपल्यावर पावसाळ्यात मिल बंद ठेवता, तेव्हा डाळीची भुकटी ओलावा धरून शाफ्टला चिकटून बसते. खड्डे तिथेच पडतात. स्टेपला आणि कीवेला ग्रीस लावून ठेवा. अ‍ॅल्युमिनियमला तर अशी आडवी रेषा मुळात नसते. त्याचा जो आकडा पुस्तकात दिसतो तो बहुधा पन्नास कोटी फेऱ्यांचा असतो, कायमचा नाही. आणि मध्येच एकदा एलिव्हेटर चोंदून शाफ्टला जबर झटका बसला असेल तर बारीक तडा सुरू झालेला असू शकतो. मग पुढचा ताण मर्यादेच्या खाली असूनही तो तडा वाढत जातो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते हंगामात घाईने केलेल्या वेल्डिंगमुळे. शाफ्ट तुटला, दोन तुकडे जोडून वेल्ड मारला, लेथवर सफाई केली आणि संध्याकाळी मिल चालू, असं सर्रास होतं. ईएन ८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो. आधी न तापवता वेल्ड मारला की कडेचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो, त्यात सूक्ष्म तडे असतात, आणि वेल्ड थंड होताना ओढला गेल्याने तिथे कायमचा ताण अडकून राहतो. आपण काढलेले १६६ तिथे लागूच होत नाहीत. वेल्डची सहनशक्ती इतकी कमी असते की तो शाफ्ट तुमच्या पहिल्या शाफ्टच्याही आधी जाईल, आणि तुटेल तेव्हा पुली व भरलेला पट्टा घेऊन खाली येईल. तुटलेला शाफ्ट भंगारातच जावा.

उदगीरच्या दोन एलिव्हेटरांबद्दल. ते त्याच ड्रॉइंगचे असतील तर त्यांचे कोपरेही २२२ वर चालले आहेत. किती तास चालले ते विचारा आणि फेरे काढा. फेरे १ लाख ८० हजारांच्या आसपास आले असतील तर वाट बघू नका. ते अजून तुटले नाहीत याचा अर्थ ते बरे आहेत असा होत नाही, त्यांची वेळ अजून आली नाही इतकंच. मिल बंद करून स्टेपचा भाग पेनिट्रंटसोबतच्या क्लीनरने साफ करून पूर्ण वाळू द्या, लाल डाय पेनिट्रंट मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुसा आणि पांढरा डेव्हलपर मारा. कोपऱ्यात परिघाला धरून लाल रेघ उमटली तर तो शाफ्ट त्याच वेळी काढा. रेघ नाही उमटली तरी तो नवा शाफ्ट तयार होईपर्यंतच चालवा, आणि तोवर रोज बंद करताना पुसून बघा. जुन्याच शाफ्टवर रेडियस वाढवायचा प्रयत्न करू नका. कोपऱ्यात भरायला धातू नाही, आणि खोल कापलं तर ४० चा व्यास आणखी कमी होईल. नवे शाफ्ट ४० मिमीवरची स्टेप आणि ४ मिमी रेडियस घेऊन करा. ड्रॉइंगवर रेडियसचा आकडा ठळक लिहा, आणि शाफ्ट लेथवरून उतरवण्याआधी तुम्ही स्वतः रेडियस गेज लावून तपासा.